'सुखी होतु' मराठीत लिहायचे कसे? तू, तुम्ही की आपण?

बुद्धपौर्णिमा जवळ आली की आमच्या आगाशीतल्या लहानशा विहारात फ्लेक्सची चर्चा सुरू होते. आगाशीहून सोपाऱ्याचा स्तूप फार दूर नाही. त्या दिवशी तिकडे जाणारे उपासक-उपासिका वाटेत विहारात थांबतात, पाणी पितात, वंदना करतात आणि पुढे जातात. त्यांच्या स्वागताला दारावर एकच ओळ लावायची ठरली. वर पाली, 'सुखी होतु', आणि खाली तिचे मराठी व हिंदी. विरार-नालासोपारा पट्ट्यात आता उत्तर प्रदेश-बिहारकडचे बांधवही मोठ्या संख्येने राहतात, त्यामुळे हिंदी हवीच होती. काम दहा मिनिटांचे आहे असे आम्हाला वाटले होते. त्यात दोन संध्याकाळी गेल्या.

पहिल्या मसुद्यात मराठी होते 'तू सुखी हो' आणि हिंदी होते 'तुम सुखी हो'. व्याकरणाच्या पुस्तकातून घेतल्यासारखे सरळ. कमिटीतल्या एका आजींनी कागद हातात घेतला, वाचला आणि परत ठेवला. म्हणाल्या, "बाळांनो, दारात आलेल्या माणसाला तू म्हणता होय?" आमच्यातल्या एका तरुणाने उत्तर दिले, "आजी, आईला आपण तूच म्हणतो. त्यात माया असते." आजी म्हणाल्या, "आईला म्हणतो, ती आपली म्हणून. माझ्या बापाला वाड्यातलं सात वर्षांचं पोर अरे म्हणायचं. ते कसल्या मायेनं?"

त्यानंतर आम्ही पालीपासून पुन्हा सुरुवात केली.

'होतु' हे आज्ञार्थाचे तृतीय पुरुषी एकवचन आहे. म्हणजे शब्दशः अर्थ 'तो वा ती सुखी होवो'. समोरच्याला थेट 'तू सुखी हो' म्हणायचे असते तर पालीत 'होहि' येते, अनेकांना थेट म्हणायचे तर 'होथ', आणि 'ते सर्व सुखी होवोत' साठी 'होन्तु'. आमच्या मसुद्यातला 'तू' मुळात नव्हताच, तो आम्ही घातला होता. भन्तेंना वंदन केल्यावर ते 'सुखी होतु' म्हणतात तेव्हा नजर आपल्याकडे असली तरी वाक्य सर्वनामाशिवायचे असते. पाली त्या जागी तू-तुम्हीचा निर्णय करतच नाही. मराठी आणि हिंदीत मात्र तो करावा लागतो, आणि भाषांतर करणाऱ्याची अडचण तिथेच सुरू होते.

पालीत आदर नाही असे कोणी समजू नये. तो दुसऱ्या ठिकाणी बसतो. 'त्वं' हे एकवचन पालीत मोकळेपणाने वापरले जाते, आजच्या मराठी 'तू'ची धार त्याला नाही. आदर दाखवायचा तो हाक मारण्याच्या शब्दातून: भन्ते, आयस्मा, आवुसो. किंवा 'भवं' म्हणून पुढे तृतीय पुरुषी क्रियापद लावायचे, जसे ब्राह्मण लोक भगवंतांशी बोलताना करतात. जातककथांच्या गद्यात एकट्या आदरणीय माणसाला 'तुम्हे' हे अनेकवचन लावलेलेही सापडते, म्हणजे आपल्या 'तुम्ही'ची चाल तिथे दिसते. पण सुत्तांमध्ये मुख्य भार हाकेवरच असतो.

या हाकेबद्दल सुत्तांत दोन प्रसंग आहेत. अरियपरियेसन सुत्तात, बोधी मिळाल्यावर भगवंत इसिपतनला पाच जुन्या सोबत्यांकडे येतात, तेव्हा ते त्यांना नावाने आणि 'आवुसो' म्हणून हाक मारतात. भगवंत त्यांना तसे न करण्यास सांगतात. महापरिनिब्बान सुत्तात अखेरच्या दिवसांत ते आनंदांना सांगतात की आतापर्यंत भिक्खू एकमेकांना सरसकट आवुसो म्हणत आले. यापुढे ज्येष्ठ भिक्खूने कनिष्ठाला नावाने, गोत्रनावाने किंवा आवुसो म्हणावे, आणि कनिष्ठाने ज्येष्ठाला भन्ते किंवा आयस्मा म्हणावे. ज्येष्ठपणा मोजायचा तो उपसंपदेपासूनच्या वर्षावासांनी. कालचा राजपुत्र आजच्या न्हाव्याच्या मागे बसतो तो याच नियमाने. संघात उतरंड होती, पण ती जन्मावर नव्हती. मराठीतली तू-तुम्हीची उतरंड मात्र शेकडो वर्षे जन्मावर चालली. पाली 'त्वं' मराठीत 'तू' म्हणून ठेवला तर शब्दाला शब्द जुळतो, पण त्याबरोबर न मागितलेले ओझेही येते.

आजींचे म्हणणे म्हणून भावनेचे समजून सोडता येत नव्हते. खेड्यात आपल्या लोकांनी वरच्या जातीच्या माणसाला 'जोहार' घालायचा आणि समोरून 'काय रे' यायचे, हा व्यवहार ज्यांनी पाहिला ती पिढी अजून आपल्यात आहे. 'जय भीम' या अभिवादनाचे श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. त्याने काय बदलले ते व्याकरणातूनही दिसते. 'जय भीम'मध्ये सर्वनाम नाही. मोठा लहानाला म्हणतो तेच लहान मोठ्याला म्हणतो, आणि उत्तरही तेच येते. तू आणि तुम्हीचा प्रश्न त्यात उठतच नाही. फलकावर फक्त 'जय भीम' लिहिले असते तर आमच्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या, असे एकाने म्हटलेही. पण पाली ओळ ठेवायची तर तिचा अर्थ द्यावा लागणार होता.

तरुणाचा मुद्दाही आम्ही बाजूला टाकला नाही. मराठीत तू दोन टोकांना वापरतात: अगदी जवळच्याला आणि खाली मानलेल्याला. आई तू, बालपणीचा मित्र तू, देवही तू. भीमगीतांत बाबासाहेबांनाही एकेरी हाक मारली जाते आणि त्यात अनादर कोणाला ऐकू येत नाही. सत्यनारायण गोएंका गुरुजींच्या हिंदी मंगल दोह्यांत 'तेरा' येते, आणि ते ऐकून कोणी दुखावलेला आम्ही पाहिला नाही. वंदनेच्या शेवटी म्हणतात त्या आशीर्वादाच्या गाथेत शेवटी 'ते' येतो. आपल्याकडे बरेच जण तो मराठी 'ते' समजून म्हणतात, पण पालीत त्याचा अर्थ 'तुला, तुझे' असा आहे. तिथेही एकवचनच.

मग फरक कुठे आहे? दोह्यात, गाण्यात, गाथेत बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण हे ठरलेले असते, नाते आधी असते आणि सर्वनाम नंतर येते. फलक अनोळखी माणसाला उद्देशून असतो. तो वाचणारी सत्तर वर्षांची बाई असेल, नोकरीवरून परतणारा शिपाई असेल, पहिल्यांदाच विहारात आलेला कोणी असेल. फलकाला चेहरा नाही, आवाज नाही, हसू नाही. 'तू'तली माया आवाजावर चालते, छापील अक्षरात ती पोहोचेलच असे नाही. म्हणून आम्ही ठरवले की छापील आणि अनोळखी माणसासाठी असेल तिथे तू नाही. बोलताना, ओळखीत, लेकरांशी तू खुशाल चालावा.

आता 'तुम्ही' घेऊन लिहायचे तर 'तुम्ही सुखी व्हा'. हे चूक नाही, पण कानाला हुकूम वाटते. 'आता तरी सुखी व्हा' म्हणून कोणी वैतागल्यासारखेही ऐकू येते. 'होवो' वापरून 'तुमचे मंगल होवो' करता येते, ते चांगले आहे, पण तो 'सुखी'चा अर्थ नव्हे, 'मंगल'चा झाला. 'आपण सुखी व्हावे' हे निमंत्रणपत्रिकेचे मराठी. शिवाय मराठी 'आपण' तीन कामे करतो. 'आपण सगळे निघू' मध्ये तो बोलणारा आणि ऐकणारा मिळून 'आम्ही-तुम्ही' होतो, 'आपण बसावे' मध्ये आदराचा 'तुम्ही' होतो, आणि 'तो आपणच गेला' मध्ये 'स्वतः' होतो. त्यामुळे 'आपले मंगल होवो' वाचणारा ते 'तुमचे' समजू शकतो आणि 'आपल्या सर्वांचे'ही. मैत्रीभावनेच्या वाक्यात ही संदिग्धता आम्हाला आवडली, पण फलकावर ती नको होती.

शेवटी वाट आजींच्याच तोंडून निघाली. विहारातून घरी निघताना त्या सवयीने म्हणाल्या, "सुखी राहा रे सगळे." 'राहणे' या क्रियापदाचा आज्ञार्थ मराठीत विशेष आहे. 'तू राहा' आणि 'तुम्ही राहा', दोन्हींचे रूप एकच. 'खा', 'गा', 'जा' यांचेही तसेच. 'करणे'चे तसे नाही, तिथे 'कर' आणि 'करा' वेगळे होतात, आणि 'होणे'त 'हो' आणि 'व्हा'. म्हणजे सर्वनाम न लिहिता 'सुखी राहा' म्हटले की मुलगा वाचेल तेव्हा त्याला तू ऐकू येईल, आजी वाचतील तेव्हा तुम्ही. पालीतल्या सर्वनामाशिवायच्या 'होतु'च्या मराठीत याहून जवळ जाता आले नाही. अर्थात थोडा फरक पडतो. 'होतु'त सुखी 'होण्याची' इच्छा आहे, 'राहा'त ते आधीच आहे असे धरले जाते. मराठी आशीर्वादाची रीत तशीच असल्याने तेवढा फरक आम्ही मान्य केला.

एक सूचना इथेच द्यावीशी वाटते. 'राहा' दीर्घ 'रा'ने लिहावा. बोलताना आपण 'रहा' म्हणतो आणि फ्लेक्सवाला तसेच टाकतो. अर्थ बदलत नाही आणि प्रमाण लेखनाच्या नियमांत आज्ञार्थी 'रहा'लाही हरकत नाही, पण आम्ही 'राहा' पसंत केले.

मराठीचे जमले, आता हिंदी. इथे मराठी माणसाची फसगत ठरलेली आहे, कारण शब्द सारखे दिसतात आणि पायऱ्या सरकलेल्या असतात. हिंदीत तीन पायऱ्या आहेत: तू, तुम, आप. मराठी 'तुम्ही' हिंदी 'तुम'सारखा ऐकू येतो, पण आदराच्या मापात तो 'आप'च्या जागी बसतो. हिंदी 'तुम' बरोबरीच्याला, धाकट्याला, ओळखीच्याला. आम्ही मुंबईच्या बाजूचे लोक भाजीवाल्या काकांनाही 'तुम कब आया' म्हणून जातो आणि आपण चांगलेच बोललो असे समजतो. मनात 'तुम्ही' असतो, तोंडातून 'तुम' निघतो. अलाहाबादकडच्या वृद्ध माणसाला ते खटकते. आमच्यातल्या एकाला शेजारच्या बिहारी बांधवाने हे स्पष्ट सांगितले, तेव्हा आम्हाला कळले. आपल्या लोकांना अरे-तुरे झालेले आपल्याला बोचते, तर आपल्याकडून दुसऱ्या कष्टकऱ्याला ते नकळतही होऊ नये. उलट बाजूची चूकही होते. हिंदी 'आप' पाहून मराठीत सगळीकडे 'आपण' लिहितात. मग शेजाऱ्याला म्हणायचे साधे 'तुम्ही कसे आहात' हे 'आपण कसे आहात' होऊन बसते आणि विहाराचा फलक सरकारी कार्यालयाच्या सूचनेसारखा वाटू लागतो.

आमचा पहिला हिंदी मसुदा 'तुम सुखी हो' दुसऱ्याच कारणानेही चुकीचा होता, ते त्याच बांधवाने दाखवले. हिंदीत 'तुम हो' म्हणजे 'तुम्ही आहात'. म्हणून 'तुम सुखी हो' वाचणारा ते विधान समजतो, 'तुम्ही सुखी आहात'. इच्छा म्हणायची तर 'तुम सुखी होओ'. मराठी 'हो' आज्ञार्थ आहे आणि हिंदी 'हो' बहुतेक वेळा वर्तमानकाळ, हे आमच्या लक्षातच आले नव्हते. 'आप' घेतला तर इच्छा 'आप सुखी हों' अशी होते. त्या 'हों'वरचा अनुस्वार महत्त्वाचा. तो छापताना गळला की 'आप सुखी हो' उरते, म्हणजे आपली मुंबईची हिंदी, ज्यात सर्वनाम आदराचे आणि क्रियापद खालच्या पायरीचे. छपाईआधी नमुना पाहताना या टिंबाकडे खास बघावे. ते गेले आहे हे वाचून लवकर कळत नाही, कारण आपल्या कानाला 'आप हो' चुकीचे वाटत नाही.

मराठी 'राहा'सारखी सोय हिंदीत नाही. तिथे 'रह', 'रहो', 'रहिए' आणि 'रहें' असे चार प्रकार येतात आणि प्रत्येकातून पायरी दिसते. 'सुखी रहो' हा उत्तम आशीर्वाद आहे, पण तो मोठ्याने लहानाला द्यायचा. भन्तेंनी उपासकाला म्हटला तर अगदी शोभतो. आमची ओळ मात्र भन्तेंच्या तोंडची नव्हती, फलकाखाली नाव विहाराच्या कमिटीचे होते, आणि कमिटीतला चोवीस वर्षांचा पोरगा येणाऱ्या आजोबांना 'सुखी रहो' म्हणेल हे बरे दिसत नव्हते. म्हणून हिंदीत 'आप सुखी रहें' घेतले. 'रहिए'ही चालले असते, पण त्यात विनंती जास्त आहे, 'रहें'मध्ये इच्छा. इथेही टिंब सांभाळायचे.

कोणी विचारले की सरळ 'कसे आहात?' असेच का नाही लिहिले, तर त्यात सर्वनामाबरोबर लिंगही येते. मराठीत 'कसा आहेस', 'कशी आहेस', 'कसे आहात', फक्त स्त्रिया असतील तर 'कशा आहात'. हिंदीत 'कैसे हैं', 'कैसी हैं'. 'सुखी' हा शब्द दोन्ही भाषांत पुरुषाला आणि स्त्रीला सारखाच राहतो. उपासिकांची संख्या नेहमीच जास्त असलेल्या आमच्यासारख्या विहारात ही सोय मोलाची आहे.

फलक लागला त्या दिवशी सोपाऱ्याची आठवण निघणे साहजिक होते. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाच्या कोटात खोदून तो स्तूप उजेडात आणला. त्याच सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि पुढे 1956 साली भुईगावला नवव्या लेखाचा. नवव्या लेखाचा विषय मंगल हाच आहे. लोक आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना मंगले करतात, पण खरे फळ धम्ममंगलाचे, असे अशोक सांगतो. त्या धम्ममंगलात पहिली गोष्ट येते ती दास आणि नोकर यांच्याशी नीट वागण्याची, आणि त्यानंतर गुरुजनांचा मान राखण्याची. आमच्या गावापासून थोड्या अंतरावर हा दगड सापडला.

याच भूमीशी जोडलेले पुण्ण स्थविर. पुण्णोवाद सुत्तात ते सुनापरान्तात जायला निघतात तेव्हा भगवंत त्यांना विचारतात, तिथल्या लोकांनी शिव्या दिल्या तर काय कराल, मारले तर काय कराल. पालीत भगवंत पुण्णांना एकवचनात बोलतात. हे सुत्त मराठीत सांगताना आम्ही आमच्या वर्गात 'पुण्ण, तू काय करशील' असेच ठेवतो, कारण तिथे गुरू आणि शिष्य समोरासमोर आहेत, नाते ठरलेले आहे. पुण्ण उत्तर देतात ते 'भन्ते' म्हणून, आणि मराठीत तिथे 'तुम्ही' वा 'भगवान' येते. एकाच संवादात दोन पायऱ्या ठेवाव्या लागतात. दोन्हीकडे तुम्ही केले तर संवाद ताठ होतो, दोन्हीकडे तू केले तर आजच्या श्रोत्याला शिष्य उद्धट वाटतो.

शेवटी फ्लेक्सवर तीन ओळी गेल्या. वर 'सुखी होतु', मध्ये 'सुखी राहा', खाली 'आप सुखी रहें'. येणाऱ्यांत अनेक जण असतात म्हणून पाली ओळीत 'होन्तु' हवे होते, हे एका भन्तेंनी पौर्णिमेच्या सकाळी दाखवले. तोवर फलक दारावर बांधून झाला होता. भन्ते हसून म्हणाले, दारातून माणूस एकेकच येतो, राहू द्या.